दोन थेंब अमोनियाचा प्रश्न: डायमिथाइलग्लायऑक्झाइमने निकेल तोलताना पीएच कुठे घसरतो

एकाच बाटलीतलं अमोनियम निकेल सल्फेट, एकच तराजू, एकच ओव्हन आणि तीन बीकर. मिठाचं सूत्र NiSO₄·(NH₄)₂SO₄·6H₂O, रेणुभार ३९४.९८, म्हणजे शुद्ध मिठात निकेल १४.८६ टक्के. प्रत्येक बीकरमध्ये ०.३५०० ग्रॅम मीठ घेतलं होतं. दिवसाअखेर हाती आलेले आकडे असे: पहिल्या बीकरमधून १४.८४ टक्के, दुसऱ्यातून १४.३९, तिसऱ्यातून १५.२०. (प्रकरण समजावण्यासाठी रचलेलं आहे. त्यातले आकडे साम्यस्थिरांकांवरून काढले आहेत, त्यामुळे कुणीही हिशेब करून पडताळून पाहू शकतो.)

तिसरा आकडा चुकीचा आहे हे तर उघडच आहे, कारण शुद्ध मिठात असतं त्याहून जास्त निकेल त्यातून निघूच शकत नाही. अडचण दुसऱ्या आकड्याची आहे. त्या बीकरमधला अवक्षेप दाट लाल होता, छान खाली बसला होता, वरचा द्रव स्वच्छ होता आणि पूर्णतेची नेहमीची चाचणीही त्याने पार केली होती. तरी ३ टक्क्यांहून जास्त निकेल गायब. हे निकेल गेलं कुठे, आणि चाचणीला ते का दिसलं नाही, हा या प्रकरणाचा गाभा आहे.

काय केलं होतं

पद्धत तिन्ही बीकरना सारखीच लावायची होती. मीठ पाण्यात विरघळवून त्यात २ मोलर हायड्रोक्लोरिक आम्ल ५ मिली घातलं आणि आकारमान २०० मिली केलं. बीकर ७० ते ८० अंशांपर्यंत तापवला. मग डायमिथाइलग्लायऑक्झाइमचं (यापुढे डीएमजी) अल्कोहोलमधलं १ टक्का द्रावण ३० मिली ओतलं. इथपर्यंत काहीच दिसत नाही, द्रावण फिकट हिरवंच राहतं. त्यानंतर लगेच २ मोलर अमोनिया थेंबाथेंबाने, काचकांडीने सतत ढवळत, थेट द्रावणात सोडायचा. बीकरच्या भिंतीवरून ओघळू द्यायचा नाही, कारण भिंतीलगत आधीच बारीक अवक्षेप धरतो आणि तो काचेला चिकटून वर चढतो. अवक्षेप आल्यावर अमोनिया किंचित जास्त घालायचा, वीस-तीस मिनिटं वाफेवर ठेवायचं, मग तासभर थंड होऊ द्यायचं. आधी तापवून तोललेल्या काचेच्या सच्छिद्र तळाच्या क्रुसिबलमधून गाळायचं, क्लोराइड निघून जाईपर्यंत थंड पाण्याने धुवायचं, ११० ते १२० अंशांवर पाऊण तास वाळवायचं आणि वजन स्थिर होईपर्यंत तोलायचं.

हा अवक्षेप भट्टीत जाळून ऑक्साइड करावा लागत नाही, जसा आहे तसा तोलता येतो. त्याचं सूत्र Ni(C₄H₇N₂O₂)₂, रेणुभार २८८.९२. त्यात निकेल फक्त २०.३१ टक्के, म्हणून वजनाला ०.२०३१५ ने गुणलं की निकेल मिळतं. गुणक इतका लहान असणं तोलणाऱ्याच्या फायद्याचं आहे: १ मिलिग्रॅम निकेलचं जवळजवळ ५ मिलिग्रॅम अवक्षेपात रूपांतर होतं. पण याच कारणाने अवक्षेप भलताच फुगीर होतो. म्हणून एका बीकरमध्ये ५० मिलिग्रॅमच्या आसपासच निकेल घेतात. आपल्या ०.३५०० ग्रॅम मिठात ते ५२.० मिलिग्रॅम आहे आणि त्यापासून अवक्षेप यायला हवा ०.२५६० ग्रॅम.

पहिल्या बीकरमधून ०.२५५७ ग्रॅम आला, तक्रारीला जागा नाही. दुसऱ्यातून आला ०.२४८० ग्रॅम.

आम्ल कुठून येतं

निकेलसाठी डीएमजी वापरण्याची वाट १९०५ साली रशियन रसायनज्ञ लेव चुगाएव यांनी दाखवली आणि दोन वर्षांत ओटो ब्रुंक यांनी तिला पोलादातल्या निकेलच्या विश्लेषणात आणलं. एका निकेल आयनाला डीएमजीचे दोन रेणू आपापल्या दोन-दोन नायट्रोजननी धरतात. चारही नायट्रोजन निकेलभोवती एकाच प्रतलात चौकोन करतात. प्रत्येक डीएमजी आपल्या दोन ऑक्झाइम गटांपैकी एकातला हायड्रोजन सोडून देतो, उरलेला हायड्रोजन शेजारच्या डीएमजीच्या ऑक्सिजनशी बंध जोडतो. त्यामुळे दोन्ही रेणू दोन बाजूंनी एकमेकांत अडकून निकेलभोवती कडं तयार होतं. निकेलवर दोन धन प्रभार होते आणि दोन हायड्रोजन गेले, म्हणजे एकूण प्रभार शून्य. प्रभार नाही आणि पाण्याशी बंध जोडायला मोकळा हायड्रोजनही नाही, असा सपाट रेणू पाण्यात राहण्याऐवजी थरावर थर रचून बाहेर पडतो.

हे समीकरणात मांडायचं तर डीएमजीला H₂D म्हणू:

Ni²⁺ + 2H₂D ⇌ Ni(HD)₂ + 2H⁺

उजवीकडच्या 2H⁺ वर सगळं प्रकरण उभं आहे. निकेलचा प्रत्येक आयन अवक्षेपात गेला की दोन हायड्रोजन आयन द्रावणात येतात. म्हणजे अवक्षेपण स्वतःच स्वतःच्या वाटेत आम्ल ओतत जातं. आपल्या बीकरमध्ये निकेल ०.८८६ मिलिमोल आहे, तेव्हा सुटणारं आम्ल १.७७ मिलिमोल. हे आम्ल टिपून घ्यायला कुणी नसेल तर क्रिया मध्येच थबकते. मूळ द्रावणात हायड्रोक्लोरिक आम्ल घातलंच नाही आणि अमोनियाही नाही, फक्त निकेलचं मीठ आणि डीएमजी, असं समजून हिशेब केला तर साधारण निम्मं निकेल खाली येतं, पीएच २.५ च्या जवळ पोहोचतो आणि उरलेलं निम्मं तसंच विरघळलेलं राहतं. आपल्याच क्रियेतून सुटलेलं एवढंसं आम्लही या अवक्षेपाला झेपत नाही.

पीएच किती लागतो, हे आकड्यांत

डीएमजी हे फार दुबळं आम्ल आहे, त्याचा pKa १०.६ च्या आसपास. आम्लधर्मी द्रावणात त्याचा जवळजवळ सगळा भाग H₂D म्हणून असतो आणि निकेलला हवा असलेला HD⁻ अगदी नगण्य. पीएच एका एककाने वाढला की HD⁻ दहापट होतो. अवक्षेपाचा विद्राव्यता गुणाकार मात्र [Ni²⁺][HD⁻]² असा आहे, HD⁻ चा तिथे वर्ग होतो. म्हणून पीएच एका एककाने वाढला की विरघळून राहू शकणारं निकेल शंभरपट कमी होतं. दहापट नव्हे, शंभरपट. या एका वर्गामुळे ही पद्धत इतकी नेमकी चालते आणि त्याच वर्गामुळे ती थोड्याशा चुकीला माफ करत नाही.

विद्राव्यता गुणाकार १०⁻²³ धरू. घातलेल्या ३० मिली डीएमजीमध्ये २.५८ मिलिमोल आहेत, त्यातले १.७७ निकेल घेणार, उरणार ०.८१. एकूण आकारमान साधारण २३५ मिली. आता निरनिराळ्या पीएचला किती निकेल द्रावणात अडकून राहील ते काढता येतं. पीएच ३ असेल तर सुमारे ९.५ मिलिग्रॅम, म्हणजे १८ टक्के. पीएच ३.५ ला १.६ मिलिग्रॅम, ३ टक्क्यांच्या थोडं वर. पीएच ४ ला ०.१८ मिलिग्रॅम, म्हणजे टक्क्याचा एक तृतीयांश. पीएच ५ ला ०.००२ मिलिग्रॅम, आणि एवढं चार दशांश स्थळांच्या तराजूला दिसतच नाही. यात तापमान आणि इतर क्षारांचा परिणाम धरलेला नाही, त्यामुळे दुसरा अंक कुणी शब्दशः घेऊ नये. पण उताराचा आकार खरा आहे: ३ आणि ५ च्या मध्ये तो कड्यासारखा तुटतो. निकेलसाठी पीएच ५ ते ९ हा पट्टा सांगितला जातो, त्याची खालची हद्द इथून येते.

आता हेच उलट्या बाजूने पाहू. लाल रंग कधी दिसू लागतो? सगळं निकेल आणि सगळं डीएमजी द्रावणात असताना हिशेब केला तर अवक्षेपाची सुरुवात पीएच २.३ च्या सुमारास होते. म्हणजे लाल रंग दिसायला लागणं आणि अवक्षेपण पुरं होणं यांच्यामध्ये जवळपास तीन एककांचं अंतर आहे, आणि त्या सगळ्या अंतरात बीकर लालच असतो. डोळ्याला पीएच ३.५ चा बीकर आणि पीएच ७ चा बीकर यांत फरक कळणार नाही. ५०.४ मिलिग्रॅम निकेलचा लाल गाळ आणि ५२ मिलिग्रॅमचा लाल गाळ दिसायला एकच.

दुसऱ्या बीकरमध्ये नेमकं काय घडलं

अमोनियाचा हिशेब मांडला की चित्र लख्ख होतं. सुरुवातीच्या हायड्रोक्लोरिक आम्लाचे १० मिलिमोल आणि क्रियेतून सुटणारे १.७७, असे मिळून ११.८ मिलिमोल आम्ल मारायचं आहे. २ मोलर अमोनियाचे ते ५.९ मिली होतात. पहिले चार मिली घालेपर्यंत बीकर जवळजवळ निर्विकार राहतो. मग लाल ढग यायला लागतात, ढवळलं तरी जात नाहीत. इथपासून शेवटपर्यंत अजून पावणेदोन-दोन मिली, म्हणजे पस्तीसेक थेंब लागतात. या टप्प्यात अमोनिया घालूनही पीएच भराभर चढत नाही, कारण नव्याने येणारा अवक्षेप नवं आम्ल सोडत राहतो आणि सल्फेटही थोडं आम्ल धरून ठेवतं. प्रत्येक थेंबाला अवक्षेप दाट होताना दिसतो, आणि मग एका क्षणी दाट होताना दिसायचं थांबतं.

दुसरा बीकर तिथेच थांबवला गेला. थेंब टाकल्यावर नवं काही दिसेना, म्हणजे झालं, असा अंदाज. तो अंदाज वेडगळ नाही. आधीच इतकं लाल असताना उरलेल्या दीड-पावणेदोन मिलिग्रॅम निकेलचा अवक्षेप नव्याने आलेला दिसणारच नाही.

पीएच ३.५ ला किती आम्ल शिल्लक असतं ते पाहिलं की चूक किती लहान आहे हे कळतं. मोकळं हायड्रोजन आयन ०.०७ मिलिमोल, सल्फेटने धरलेलं ०.०५ च्या आसपास, आणि उरलेलं निकेल खाली आलं तर सुटणारं आणखी ०.०६. एकूण ०.१८ मिलिमोल. २ मोलर अमोनियाच्या एका थेंबात साधारण ०.१ मिलिमोल असतो. म्हणजे फक्त दोन थेंब कमी पडले, आणि निकालातून ३ टक्के निकेल गेलं.

पद्धतीत “किंचित जास्त अमोनिया” असं लिहिलेलं असतं ते यासाठी. तो शेवटचा जास्तीचा अमोनिया पीएच थेट ४ च्या पलीकडे, अमोनिया-अमोनियम क्षाराच्या बफरच्या हद्दीत नेऊन ठेवतो, आणि तिथे मग थेंब इकडचा तिकडे झाला तरी काही बिघडत नाही. “किंचित” ओळखायची नेहमीची खूण म्हणजे अमोनियाचा मंद वास. पण थेंब टाकल्या टाकल्या हुंगलं तर वास येणारच, तो नुकत्याच पडलेल्या थेंबाचा असतो. नीट ढवळून, बीकरवरची हवा फुंकर मारून घालवून मग हुंगायचं. तरीही वास राहिला तर तो द्रावणाचा. मला स्वतःला नाकापेक्षा पीएचची कागदपट्टी बरी वाटते. काचकांडीच्या टोकाचा ओला ठिपका पट्टीवर टेकवला तर त्यात जाणारं निकेल क्षुल्लक असतं, फक्त टोकाला लाल कण चिकटलेला नाही ना एवढं पाहावं.

वाफेवर ठेवताना बीकर उघडा राहिला तर अमोनिया उडतो, हेही ध्यानात असू द्यावं. सुरुवातीला वास येत होता म्हणून निर्धास्त राहून तासाभराने गाळताना पीएच घसरलेला सापडू शकतो. घड्याळकाच ठेवावी आणि गाळण्याआधी पट्टी पुन्हा एकदा लावावी.

चाचणीने दगा कसा दिला

अवक्षेप खाली बसल्यावर वरच्या स्वच्छ द्रवात डीएमजीचे दोन-चार थेंब टाकायचे आणि लाल काही येत नाही ना ते पाहायचं, ही पूर्णतेची चाचणी. दुसऱ्या बीकरमध्ये ती केली होती. काही आलं नाही.

येणारही नव्हतं. ही चाचणी एकच प्रश्न विचारते: अभिकर्मक कमी पडला का? आणि अभिकर्मक तर कमी पडलेलाच नव्हता, द्रावणात ०.८ मिलिमोलहून जास्त डीएमजी मोकळं फिरत होतं. त्यात चार थेंबांनी, म्हणजे ०.०२ मिलिमोलने, जेमतेम दोन टक्क्यांची भर पडते. वर्गाच्या नियमाने विरघळलेलं निकेल त्यामुळे चार-पाच टक्क्यांनी कमी व्हायला हवं, १.६ मिलिग्रॅममधलं ०.०७ वगैरे. पाव लिटर द्रवात इतका अवक्षेप लगेच दिसेल याची खात्री नाही, अतिसंपृक्त द्रावण म्हणून तो बराच वेळ लपूनही राहील. निकेल अडलं होतं ते डीएमजीसाठी नव्हे, आम्ल जास्त असल्यामुळे. तिथे अभिकर्मक घालून पाहणं म्हणजे भलत्याच दारावर थाप.

म्हणून चाचणी उलट्या क्रमाने करावी. आधी स्वच्छ द्रवात अमोनियाचा एक थेंब. लाल छटा आली तर दोष पीएचचा. नाही आली तर मग डीएमजीचे थेंब. आता लाल आलं तर दोष अभिकर्मकाचा. दोन्ही वेळा काही आलं नाही तरच अवक्षेपण पुरं झालं म्हणायचं.

दुसऱ्या बीकरचं गाळलेलं पाणी सुदैवाने फेकलेलं नव्हतं. त्याला वास नव्हता. पीएचच्या पट्टीचा रंग ३ आणि ४ च्या मधे कुठेतरी. त्यात अमोनियाचे थेंब टाकले तसा द्रव आधी गुलाबी, मग गढूळ लाल झाला. गरम करून, थंड करून, दुसऱ्या क्रुसिबलमध्ये गाळून वाळवल्यावर वजन भरलं ०.००७७ ग्रॅम. आधीचे ०.२४८० आणि हे मिळून ०.२५५७ ग्रॅम, निकेल १४.८४ टक्के. गायब झालेलं निकेल गाळलेल्या पाण्यात सापडलं आणि हिशेब मिटला. निकाल कमी आला की क्रुसिबलच्या छिद्रांतून अवक्षेप गळाला का, धुताना गेला का, तराजू बिघडला का, असे सगळे संशय मनात येतात. त्या सगळ्यांच्या आधी गाळलेल्या पाण्यात अमोनियाचा थेंब टाकून पाहणं स्वस्त पडतं. मात्र धुण्याचं पाणी वेगळ्या भांड्यात घ्यायला हवं, नाहीतर सगळं पातळ होऊन खूण पुसट होते.

तिसरा बीकर

तिसऱ्या बीकरमध्ये डीएमजी ३० ऐवजी ६० मिली घातलं होतं, जास्त अभिकर्मक म्हणजे जास्त खात्री, या समजुतीने. निकेलच्या बाजूने पाहिलं तर समजुतीत तथ्य आहे. मोकळं डीएमजी चौपट झालं, तेव्हा त्याच पीएचला विरघळलेलं निकेल सोळाव्या हिश्शावर येतं. पण डीएमजी स्वतः पाण्यात फारच कमी विरघळतं, म्हणूनच तर ते अल्कोहोलमध्ये विरघळवून आणावं लागतं. गरम असताना ते द्रावणात राहिलं आणि थंड झाल्यावर पांढऱ्या सुयांच्या रूपात लाल अवक्षेपाबरोबर खाली बसलं. भिंगातून पाहिलं तर या सुया लाल गाळात सहज दिसतात. थंड पाण्याने त्या धुतल्या जात नाहीत आणि ११०-१२० अंशांवर पाऊण तासात त्या उडून जातील यावर विसंबता येत नाही. ०.२६२ ग्रॅमच्या आसपासचं वजन आणि १५.२० टक्के निकेल आलं ते त्यांच्यामुळे.

मग अल्कोहोल वाढवून डीएमजी विरघळलेलं ठेवता येईल का? येईल, पण अल्कोहोल प्रमाणाबाहेर गेलं की निकेलचा अवक्षेपही विरघळायला लागतो, निम्म्याहून जास्त अल्कोहोल असलेल्या द्रावणात तर चांगलाच. म्हणून प्रत्येक १० मिलिग्रॅम निकेलमागे १ टक्का द्रावण ५ मिलीच्या थोडं वर, हा नेम पाळायचा. आपल्या ५२ मिलिग्रॅमना ३० मिली त्याच हिशेबाने आलं होतं.

या बीकरमध्ये पीएचही कमी राहिला असता तर दोन चुका एकमेकींना झाकून निकाल चौदा पॉइंट आठच्या आसपास आला असता आणि कुणालाच काही कळलं नसतं. असा बरोबर आकडा चुकीच्या आकड्यापेक्षा जास्त घातक.

वरची हद्द

पीएच ५ च्या वर नेला की काम झालं, तर मग अमोनिया भरपूर ओतून मोकळं का होऊ नये? खालच्या बाजूसारखा कडा वरच्या बाजूला नाही, हे आधी मान्य करायला हवं. सौम्य अमोनियात हा अवक्षेप विरघळत नाही. अमोनिया निकेलशी स्वतःचे संयुग आयन बनवून त्याला डीएमजीपासून ओढतो खरा, पण त्याच वेळी पीएच चढल्यामुळे HD⁻ ही वाढतो, आणि या रस्सीखेचीत बराच काळ डीएमजीच जिंकतं. म्हणून चार-सहा थेंब जास्त पडले तर रात्रीची झोप उडवण्याचं कारण नाही.

त्रास होतो तो अमोनिया फार जास्त झाल्यावर. अवक्षेप सावकाश येतो आणि बारीक येतो, शिवाय नमुन्यात दुसरे धातू असतील तर त्यांची हायड्रॉक्साइडं सोबत येतात. सोडियम हायड्रॉक्साइडसारखा तीव्र अल्कली तर अमोनियाच्या जागी मुळीच वापरू नये. त्याच्यात डीएमजीच्या कड्यातले उरलेले हायड्रोजनही सुटू लागतात, संयुगाला ऋण प्रभार येतो आणि ज्या प्रभारहीनतेमुळे ते अविद्राव्य होतं तीच जाते. अमोनियाची मोठी सोय ही की तो दुबळा अल्कली आहे. हाताबाहेर थोडा गेला तरी अमोनियम क्षारांबरोबर बफर बनवून पीएच ९ च्या आसपासच रोखून धरतो. सुरुवातीला मुद्दाम घातलेलं हायड्रोक्लोरिक आम्ल इथे कामाला येतं: मारलं गेल्यावर त्याचंच अमोनियम क्लोराइड होतं.

ते आम्ल घालण्याचं आणखी एक कारण आहे. अमोनिया आधी आणि डीएमजी मागून असा क्रम लावला तर पहिल्या थेंबालाच निकेल एकदम बाहेर पडतं आणि अवक्षेप इतका बारीक आणि फुगीर येतो की क्रुसिबलमधून गाळायला जीव मेटाकुटीला येतो. आधी आम्लात सगळं मिसळून मग पीएच हळूहळू चढवला तर स्फटिक मोठे होतात. हाच विचार टोकाला नेला की युरियाची पद्धत मिळते. अमोनियाऐवजी बीकरमध्ये युरिया घालून तापवायचं. युरिया पाण्याशी क्रिया करून अमोनिया सोडतो, बीकरभर सारखाच आणि सावकाश. थेंब मोजायची गरज उरत नाही आणि स्फटिक ठळक येतात. पण तिथेही तापवणं लवकर थांबवलं तर पीएच अर्ध्यावरच राहतो. दुसऱ्या बीकरची चूक युरियानेही करता येते, फक्त जास्त वेळ खर्चून.

पोलाद आलं की

शुद्ध मिठात फक्त निकेल होतं, म्हणून पीएच वर नेताना आडवं येणारं काही नव्हतं. पोलादात लोखंड निकेलच्या कितीतरी पट असतं आणि पीएच ५ च्या कितीतरी आधीच फेरिक हायड्रॉक्साइडचा तपकिरी गाळ खाली यायला लागतो. निकेलला हवा तो पीएच लोखंडाला चालत नाही. यावर तोडगा म्हणजे टार्टारिक किंवा सायट्रिक आम्ल. ते फेरिक लोखंडाला, तसंच अॅल्युमिनियम आणि क्रोमियमला, विद्राव्य संयुगात बांधून ठेवतं, आणि अमोनियाने पीएच चढवला तरी हायड्रॉक्साइड येत नाही. अमोनिया घातल्यावर द्रावण स्वच्छ राहिलं नाही तर टार्टारिक आम्ल कमी पडलं असं समजावं. अशा वेळी द्रावण पुन्हा आम्लधर्मी करून गाळ विरघळवावा, आणखी टार्टारिक आम्ल घालावं आणि मगच डीएमजीला हात लावावा.

त्याआधी नायट्रिक आम्लाने उकळून सगळं लोखंड फेरिक झालं आहे याची खात्री हवी. फेरस लोखंड अमोनियात डीएमजीबरोबर लाल रंगाचं विद्राव्य संयुग देतं. त्याने अभिकर्मक खर्च होतो आणि वरचा द्रवच लाल दिसू लागल्यामुळे आपली अमोनियाच्या थेंबाची चाचणीही वाचता येत नाही. तांबं आणि कोबाल्टही डीएमजी खातात पण अवक्षेप देत नाहीत, म्हणून ते असतील तर अभिकर्मक त्यांच्या वाट्याचा धरून वाढवावा लागतो.

टार्टारिक आम्ल घातलेल्या बीकरमध्ये अमोनियाचा हिशेब मात्र बदलतो. काही ग्रॅम टार्टारिक आम्ल म्हणजे कित्येक मिलिमोल आम्ल, आणि त्याचे pKa ३ आणि ४.४ च्या जवळ, नेमके त्याच कड्यावर. पीएच ३ ते ५ हा टप्पा काही थेंबांत नव्हे, अनेक मिलिलिटर अमोनिया खाऊन पार होतो. इथे “लाल दाट झालं, आता पुरे” म्हणणारा माणूस शुद्ध मिठापेक्षा जास्त फसतो. म्हणून पोलादाच्या बाबतीत अमोनियाचे थेंब मोजण्यात अर्थ नाही, पट्टीवर पीएच ७ च्या वर दिसेपर्यंत घालत राहायचं.

जस्त किंवा मँगनीज सोबत असेल तर अमोनियाऐवजी अॅसिटेट बफर वापरतात. अॅसिटिक आम्ल आणि अॅसिटेटच्या सौम्य मिश्रणात हा अवक्षेप विरघळत नाही. पीएच ५ ते ६ च्या मध्ये बफर स्वतःच धरून ठेवतो आणि निकेल आलं तरी क्रियेतून सुटणारं आम्ल अॅसिटेट टिपून घेतं. फक्त अॅसिटेट निकेलच्या दुपटीपेक्षा बरंच जास्त असायला हवं. आपल्या ०.८८६ मिलिमोल निकेलसाठी १.७७ मिलिमोल अॅसिटेट तर नुसतं आम्ल टिपण्यातच संपेल, आधी घातलेलं हायड्रोक्लोरिक आम्ल वेगळंच. ते अमोनियाने आधी मारून घ्यावं आणि मग अॅसिटेट दोन-तीन ग्रॅम घालावं, म्हणजे निकेल सगळं खाली येईपर्यंत पीएच पाचाच्या खाली उतरत नाही.